हत्या झाली नसती तर युद्ध टळलं असतं का? (एक उतारा आणि त्याची उत्तरसूची)

तळटीप (धागाकर्ती)

भाचीला आकलनाचे उतारे सोडवायला मदत करते आहे. एका उताऱ्यावर आम्हा दोघींचं उत्तरसूचीशी काही जमेना, म्हणून इथे आले. उतारा असा:

«एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातील बडी राष्ट्रे दोन गटांत विभागली जात होती. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी 1879 मध्ये करार केला, तर 1894 पर्यंत फ्रान्स आणि रशिया एकत्र आले. ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात युद्धनौका बांधण्याची चढाओढ लागली. बाल्कन प्रदेशात स्लाव राष्ट्रवाद जोर धरत होता. 1908 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया खालसा केल्याने सर्बिया दुखावला गेला. 28 जून 1914 रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली. महिन्याभराने ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि पुढच्या आठवड्यात युरोपातील बडी राष्ट्रे युद्धात उतरली.»

प्रश्न 1: पुढीलपैकी कोणते युद्धाचे दीर्घकालीन कारण नाही? (अ) राष्ट्रांची गटबाजी (ब) नौदलाची चढाओढ (क) बोस्निया खालसा होणे (ड) युवराजाची हत्या.

प्रश्न 2: हत्या झाली नसती तर युद्ध टळले असते का? उताऱ्याच्या आधारे लिहा.

भाचीने पहिल्याला (क) लिहिलं. तिचं म्हणणं, गटबाजी आणि चढाओढ वर्षानुवर्षं चालते, पण बोस्निया एका तारखेला खालसा झाला, मग तो दीर्घकालीन कसा? सूचीत (ड) आहे. मला ते पटतं, पण का पटतं हे तिला सांगता येईना. दुसऱ्याचं सूचीतलं उत्तर: «नाही. खोलवरची कारणे कायम असल्याने युद्ध अटळ होते.» हे उताऱ्यात कुठे लिहिलंय, कुणी दाखवेल का?

घाईगर्दी

सोपं आहे हो. दारूचं कोठार वर्षानुवर्षं भरत होतं, काडी सारायेव्होत पडली. काडी नसती तर दुसरी कुठली तरी पडली असती. सूची बरोबर आहे. भाचीला सांगा, शेवटची घटना ती तात्कालिक, बाकी सगळी दीर्घकालीन. गुण मिळतात.

तळटीप

पण उताऱ्यातली शेवटची घटना हत्या नाहीच ना. त्यानंतर ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. तुमच्या नियमाने तेच तात्कालिक कारण ठरेल.

घाईगर्दी

ते कारण नाही, तो परिणाम. युद्ध पुकारणं म्हणजेच युद्ध.

कोर्टकचेरी

इतका काथ्याकूट कशाला? हा निकाल 1919 सालीच लागलाय. व्हर्सायच्या तहातलं कलम 231 काढून वाचा. नुकसानीची जबाबदारी जर्मनीवर आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली आहे. पर्यायांत «जर्मनी» हवं होतं, प्रश्नच चुकीचा काढलाय.

जुनी_सनावळी

कोर्टकचेरी, कलम 231 मध्ये भरपाई कुणाकडून वसूल करायची ते ठरवलं आहे. जबाबदार कोण आणि घडलं कशामुळे हे वेगळे प्रश्न आहेत. एखाद्याला संपूर्ण दोषी धरलं तरी त्याने ते 1914 सालीच का केलं, 1909 साली का नाही, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. धाग्याचा प्रश्न कारणांचा आहे, तेवढ्यापुरतंच लिहितो.

तळटीप, भाचीची शंका चांगली आहे. घटना एका दिवसाची आहे की वर्षानुवर्षांची, यावरून कारणाचा प्रकार ठरत नाही. ती ज्या परिणामाचं कारण आहे म्हणतो, त्या परिणामापर्यंत ती कशी पोचली हे बघावं लागतं. बोस्निया 1908 च्या ऑक्टोबरात खालसा झाला. 1878 पासून तिथे कारभार ऑस्ट्रियाचाच होता, पण कागदोपत्री मुलूख तुर्की सुलतानाचा होता, तो पडदा त्या दिवशी गेला. त्याने लगेच युद्ध झालं नाही. झालं ते असं: सर्बियाला ही जखम कायमची राहिली आणि बोस्नियातल्या तरुण सर्बांमध्ये ऑस्ट्रियाबद्दलचा राग वाढला. गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप बोस्नियातलाच सर्ब होता, वय 19. म्हणजे 1908 ची घटना सहा वर्षं लोकांच्या मनात काम करत होती आणि त्या हत्येपर्यंतच येऊन पोचली. भाचीला विचारा, 1908 नंतर जग आधीच्यासारखं झालं का? नाही झालं. म्हणून ते दीर्घकालीन.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. उताऱ्यात «अटळ» असं काहीच नाही.

पाचवा_तास

मी असे प्रश्न काढते, म्हणून दुसरी बाजू मांडते. विद्यार्थ्याने उताऱ्यातून तर्क करावा एवढीच अपेक्षा असते. पाच वाक्यं पार्श्वभूमीची आणि एक वाक्य हत्येचं. लेखकाने वजन कुठे टाकलंय ते दिसतं. म्हणून «टळले नसते» हे उत्तर उताऱ्याला धरूनच आहे.

जुनी_सनावळी

पाचवा_तास, वाक्यं मोजून वजन ठरवणं मला धोक्याचं वाटतं. पार्श्वभूमी सांगायला जागा लागते, गोळी झाडल्याचं एका ओळीत सांगून होतं. त्यावरून गोळी हलकी ठरत नाही.

आणि घाईगर्दींच्या कोठाराबद्दल. हे कोठार 1908 साली होतं. गट होते, नौदलाची चढाओढ तेव्हा ऐन भरात होती, सर्बिया चिडलेला होता. मग तेव्हा पेट का घेतला नाही? कारण रशिया 1904-05 मध्ये जपानकडून हरला होता, घरात क्रांतीचा तडाखा बसला होता, सैन्य तयार नव्हतं. मार्च 1909 मध्ये जर्मनीने दम भरला आणि रशिया मागे सरला. सर्बियालाही गप्प बसावं लागलं. 1912-13 मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली, ऑस्ट्रिया आणि रशिया दोघांनीही सैन्याची जमवाजमव केली, तरी लंडनला राजदूतांची परिषद बसली आणि प्रकरण निभावलं. ऑक्टोबर 1913 मध्ये ऑस्ट्रियाने सर्बियाला अल्बानियातून सैन्य काढा असा निर्वाणीचा खलिता दिला, सर्बियाने काढलं, विषय मिटला.

म्हणजे काड्या बऱ्याच पडल्या, त्या विझल्याही. «दुसरी पडली असती» म्हणणाऱ्याने या विझलेल्या काड्यांचा हिशोब दिला पाहिजे.

घाईगर्दी

बरं, हे मला माहीत नव्हतं. पण प्रत्येक वेळी अपमान गिळून रशिया 1914 ला आणखी गिळायला तयार नव्हता, असंही म्हणता येईल ना? मग कोठार भरतच होतं.

जुनी_सनावळी

येईल, आणि हा मुद्दा चांगला आहे. 1909 चा अपमान 1914 च्या निर्णयात होता. पण आता तुम्ही «दुसरी काडी पडली असती» हे सोडून «आधीच्या काड्यांनी पुढची जागा तापवली» असं म्हणताय. हे म्हणणं जास्त बरोबर आहे आणि सूचीत ते नाही.

आडवळण

सगळे मोठमोठ्या कारणांत अडकलेत! खरं कारण ड्रायव्हर. त्या दिवशी गाडी चुकीच्या रस्त्याला वळली, समोर प्रिन्सिप सँडविच खात उभा, त्याला आयतं सावज मिळालं. ड्रायव्हर सरळ गेला असता तर पहिलं महायुद्धच झालं नसतं.

जुनी_सनावळी

गाडी चुकीची वळली हे खरं आहे. सँडविच मागाहून चिकटलेलं आहे, त्या वेळच्या कागदपत्रांत ते नाही. पण तुम्ही त्या सकाळची पहिली गोष्ट गाळलीत. नदीकाठच्या रस्त्यावर सहा जण शस्त्रं घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी उभे होते. त्यांतल्या चाब्रिनोविचने बाँब टाकला, तो युवराजाच्या गाडीवर न फुटता मागच्या गाडीपाशी फुटला, काही माणसं जखमी झाली. त्या जखमींना बघायला युवराज दवाखान्याकडे निघाला. रस्ता बदलायचं ठरलं होतं, ते ड्रायव्हरपर्यंत पोचलंच नाही. तो जुन्या ठरलेल्या वाटेने वळला, गव्हर्नरने गाडी थांबवायला लावली आणि ती थांबली ती प्रिन्सिपपुढेच.

यात योगायोग आहे, पण तो कटाच्या आत घडलेला योगायोग. वळण चुकलं नसतं तर त्या क्षणी ती गोळी सुटली नसती इतकंच म्हणता येतं. सहा हत्यारबंद माणसं त्या रस्त्यावर का उभी होती, हे ड्रायव्हरवरून कळत नाही. त्यासाठी परत 1908 कडे जावं लागतं.

बॉयलरवाला

विषय माझा नाही, पण हे वाचून राहवेना. मी यंत्रांच्या मोडतोडीचे तपास करत आलोय. एका ठिकाणी शाफ्ट तुटला, मालकांनी अहवालात «ऑपरेटरने अचानक लोड दिला» असं लिहून फाईल बंद केली. तुटलेला भाग हातात घेतला तर निम्म्याहून जास्त जागेवर गुळगुळीत कडी दिसत होती, एकात एक. म्हणजे चीर कित्येक दिवस हळूहळू सरकत होती. उरलेला तुकडा खडबडीत, तो त्या दिवशी तुटला. ऑपरेटर तसा लोड रोजच द्यायचा. आमच्या हिशोबाने शेवटचा धक्का बिनमहत्त्वाचा. युवराजाची हत्याही तशीच समजायची का?

जुनी_सनावळी

बॉयलरवाले, तुमच्या शाफ्टमध्ये शेवटचा लोड रोजचाच होता, म्हणून तो बाजूला ठेवता येतो. सारायेव्होत तसं नव्हतं. तिथला धक्का रोजचा नव्हता आणि त्याने चिरेखेरीज आणखी एक गोष्ट बदलली.

ऑस्ट्रियाचा सरसेनापती कोनराड 1913 मध्ये सर्बियावर हल्ला करा म्हणून पुन्हा पुन्हा मागणी करत होता. त्याला अडवणाऱ्यांत सगळ्यांत वजनदार माणूस हा युवराजच होता. सर्बियाशी युद्ध म्हणजे रशियाशी युद्ध, आणि ते आपल्याला झेपणार नाही, असं त्याचं मत होतं. 28 जूनला ऑस्ट्रियाला युद्धाचं निमित्त मिळालं आणि त्याच गोळीने युद्ध अडवणारा माणूसही गेला. दुसऱ्या कुणा अधिकाऱ्याची हत्या झाली असती तर हा कदाचित नेहमीसारखा आडवा उभा राहिला असता. म्हणून ही काडी दुसऱ्या काडीने बदलता येत नाही.

तळटीप

हे कुठल्याच उताऱ्यात मी वाचलं नव्हतं. पण माझा गोंधळ वाढला. मग हत्या हे नुसतं तात्कालिक कारण राहिलं की मुख्य कारण झालं?

जुनी_सनावळी

गोंधळ «युद्धाचं कारण» या शब्दांत आहे. कुठल्या युद्धाचं? उताऱ्यात त्या एका नावाखाली निदान तीन घटना आहेत, आणि तिन्हींची लांबची आणि जवळची कारणं निरनिराळी आहेत.

पहिली घटना, 28 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. लांबचं कारण बाल्कनमधलं वैर आणि 1908. जवळचं कारण हत्या. पण हत्येनंतर पूर्ण महिना गेला हे विसरू नका. 5-6 जुलैला जर्मनीने «तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत» असं सांगितलं. हंगेरीचा पंतप्रधान तिसा सुरुवातीला विरोधात होता, त्याला वळवण्यात वेळ गेला. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष रशियाच्या दौऱ्यावर होता, तो परत निघेपर्यंत थांबायचं ठरलं. 23 जुलैला सर्बियाला 48 तासांचा खलिता गेला. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या, पण ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियातल्या न्यायालयीन तपासात भाग घ्यायचा ही मागणी नाकारली. ते उत्तर वाचून जर्मन सम्राटाने स्वतःच 28 जुलैला लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी युद्ध पुकारलं गेलं.

दुसरी घटना, रशिया, जर्मनी आणि फ्रान्स उतरले. इथे हत्या मागे पडते. 30 जुलैला रशियाने सगळ्या सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. जर्मनीची योजना अशी होती की रशियाला जमवाजमव करायला वेळ लागतो, तेवढ्यात आधी फ्रान्सला हरवायचं. म्हणून रशियाचा हुकूम निघाला की जर्मनीचं घड्याळ सुरू. 1 ऑगस्टला रशियावर, 3 ऑगस्टला फ्रान्सवर युद्ध. इथलं लांबचं कारण गटबाजी आणि ही योजना, जवळचं कारण तो हुकूम.

तिसरी घटना, ब्रिटन. त्यांच्या मंत्रिमंडळात शेवटपर्यंत दोन तट होते. 4 ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि त्याच रात्री ब्रिटन उतरला. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी 1839 च्या तहातली. नौदलाची चढाओढ इथे कामी येते, कारण तिने ब्रिटनमध्ये जर्मनीबद्दल संशय मुरवला होता. ऑस्ट्रियाने सर्बियावर चाल का केली याच्याशी त्या युद्धनौकांचा काही संबंध नाही.

पाचवा_तास

म्हणजे प्रश्न 1 मधला पर्याय (ब) «युद्धाचे दीर्घकालीन कारण» म्हणून धरता येतो, पण फक्त ब्रिटनपुरता. हे खरं आहे, आणि आम्ही पर्याय काढताना हे बघत नाही. तरी एक विचारते. गटबाजीला तरी सगळ्या युद्धाचं कारण म्हणता येईल ना? एकाने दुसऱ्याला ओढलं.

जुनी_सनावळी

बऱ्याच अंशी, पण «ओढलं» या चित्रातही गडबड आहे. इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात होता. तो 1914 ला तटस्थ राहिला आणि 1915 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच लढला. ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढण्याचं बंधन करारात नव्हतं. आणि सगळ्यांत गमतीचं म्हणजे ज्या ऑस्ट्रियासाठी जर्मनी रशियाशी भिडली, त्या ऑस्ट्रियाने रशियावर युद्ध पुकारलं 6 ऑगस्टला, जर्मनीच्या पाच दिवस नंतर. करारांनी निर्णय सोपे केले किंवा अवघड केले. निर्णय मात्र प्रत्येक राजधानीत माणसांनी बसून घेतले.

कोर्टकचेरी

म्हणजे शेवटी माणसांवरच आलात. मग जबाबदारी आलीच की!

जुनी_सनावळी

आली, पण वाटून आली. बर्लिन, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग, बेलग्रेड, कुणाच्या वाट्याला किती यावर इतिहासकार अजून भांडतात. त्यात मी इथे पडत नाही, तुम्ही वेगळा धागा काढा, येईन.

बॉयलरवाला

एक शंका. लांबचं कारण खरंच काम करत होतं की नुसतं शेजारी उभं होतं, हे तुम्ही ओळखता कसं? आमच्याकडे तुटलेला तुकडा असतो, कडी दिसतात. तुमच्याकडे काय?

जुनी_सनावळी

कागद. 1914 च्या जुलैत निर्णय घेणारी माणसं काय बोलत होती, कशाचा दाखला देत होती, ते बघायचं. व्हिएन्नाच्या चर्चेत सर्बियाचं आव्हान सतत येतं, तर ते कारण काम करतंय. लंडनच्या चर्चेत बेल्जियम येतं. एखादं «दीर्घकालीन कारण» पुस्तकात मोठ्या अक्षरात आहे आणि त्या महिन्याच्या कागदांत कुणीच त्याचं नाव घेत नाही, तर शंका घ्यायची. ही कसोटी पक्की नाही, कारण काही गोष्टी इतक्या गृहीत असतात की कुणी त्या बोलून दाखवत नाही. पण हाताशी असलेल्यांत ही बरी. दुसरी कसोटी वर आलीच आहे: तेच कारण आधीही होतं, मग तेव्हा का नाही?

आडवळण

सँडविच गेलं याचं वाईट वाटलं. बाकी पटलं. पण मी अजून म्हणेन, युवराजच जर युद्ध अडवणारा होता, तर तो वाचला असता तर पहिली घटना घडलीच नसती. म्हणजे माझा ड्रायव्हर थोडा तरी बरोबर.

जुनी_सनावळी

1914 च्या उन्हाळ्यापुरता, हो. 1916 किंवा 1918 चं मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही.

घाईगर्दी

मग प्रश्न 2 चं उत्तर लिहायचं काय? परीक्षेत «सांगू शकत नाही» लिहिलं तर भोपळा.

पाचवा_तास

भोपळा नाही मिळणार, निदान माझ्याकडे. मी असं उत्तर ग्राह्य धरेन: «उताऱ्यातली पार्श्वभूमी पाहता युद्धाचा धोका राहिला असता, पण 1914 मध्येच आणि याच रीतीने युद्ध झाले असते असे उताऱ्यावरून म्हणता येत नाही.» मात्र माझ्या शेजारच्या टेबलावर तपासणारी बाई सूचीच धरेल, हेही सांगून ठेवते.

तळटीप

भाचीला हा धागा वाचून दाखवला. पहिल्या प्रश्नाचं तिला पटलं, 1908 चं प्रिन्सिपपर्यंत पोचणं विशेष आवडलं. दुसऱ्याला तिने पाचवा_तास यांचं उत्तर लिहून घेतलं आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं: «उताऱ्यात हत्या आणि युद्ध यांच्या मधल्या महिन्यात काय झाले ते दिलेले नाही, म्हणून ठरवता येत नाही.» हे वाक्य ठेवू की काढू, यावर घरात मतभेद आहेत. मी ठेवा म्हणते, तिची आई गुण जातील म्हणते.

घाईगर्दी

काढा. तपासणाऱ्याला उताऱ्याची चूक दाखवलेली आवडत नाही.

पाचवा_तास

ठेवा. पण आधी सूचीशी जुळणारं अर्धं लिहा, मग हे.